क्लाउडवाल्याने ऑडिट रिपोर्ट पाठवला, आता तो वाचायचा कसा?

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. पन्नासेक माणसं, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. मी तिथला हिशेब बघतो, आणि 'ह्याला कॉम्प्युटरमधलं कळतंय' असा सगळ्यांचा समज असल्यामुळे कॉम्प्युटरही बघतो. एप्रिल २०२४ पासून आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या मशीनवरून उचलून क्लाउडवर नेलं. हेस्कॉमची वीज गेली की ऑफिसातला सर्व्हर बसायचा, दोनदा डेटा खराब झाला होता, म्हणून मालकांनीच लकडा लावला होता.

विकणाऱ्याने मेलवर एक सर्टिफिकेट पाठवलं. सोनेरी किनार, खाली सही-शिक्का, मधे मोठ्या अक्षरात आयएसओ २७००१, म्हणजे माहितीच्या सुरक्षिततेचं मानक. मी ते छापून फाईलला लावलं आणि मालकांना सांगितलं, "सगळं बरोबर आहे." पुढच्या वर्षी ऑडिटला आलेल्या सीए साहेबांनी फाईल उघडली, कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "हे कुणाचं ओ सर्टिफिकेट?" नीट बघितलं तर ते सॉफ्टवेअर कंपनीचं नव्हतंच. ती ज्यांच्या डेटा सेंटरात भाड्याने राहते, त्यांचं होतं. शेजाऱ्याचं लायसन्स दाखवून आपली गाडी चालवण्यातला प्रकार.

परिणाम असा झाला की आमच्या ऑडिट रिपोर्टात एक वाक्य आलं: सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये थेट केलेल्या बदलांची नोंद राहते का, याबद्दल स्वतंत्र ऑडिटरचा अहवाल मिळाला नाही, त्यामुळे मत देता येत नाही. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाला बँकेने नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. मग मी सॉफ्टवेअर कंपनीकडून तिच्या स्वतंत्र ऑडिटरचा पूर्ण रिपोर्ट मागवला, नव्वद पानांचा, आणि सीए साहेबांच्या टिळकवाडीतल्या ऑफिसात बसून दोन शनिवार वाचला. तो कसा वाचला, ते खाली क्रमाने लिहितोय.

## १. आधी स्वतःच्या जबाबदाऱ्यांची यादी करा, रिपोर्ट नंतर उघडा

ही पायरी सगळेच गाळतात. मीही गाळली होती. पण रिपोर्ट लिहिणारा ऑडिटर तुमच्या कायद्याशी काहीच ताडून बघत नसतो. सॉफ्टवेअर कंपनीने 'आम्ही असं असं करतो' म्हणून जे लिहून दिलंय, ते ती खरोखर करते का, एवढंच तो बघतो. तिने लिहून दिलेलंच तुमच्या कायद्याला कमी पडत असेल, तर रिपोर्ट स्वच्छ येईल आणि अडचणीत तुम्ही याल. म्हणून मोजपट्टी आपली आपण घेऊन बसायची.

हिशेबाची पुस्तकं क्लाउडवर ठेवणाऱ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीसाठी माझी यादी अशी झाली:

- बॅकअप. कंपनी कायद्याच्या लेखा नियमांप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज राहिला पाहिजे. आधी नियमात 'ठरावीक काळाने' असं होतं, २०२२ मध्ये ते 'रोज' झालं.
- ऑडिट ट्रेल. १ एप्रिल २०२३ पासून, नोंदीतला प्रत्येक बदल तारखेसह टिपणारं आणि ती सोय बंद करता न येणारं सॉफ्टवेअरच वापरायचं. यावर ऑडिटरला त्याच्या रिपोर्टात लिहावंच लागतं.
- जपणूक. पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची.
- रजिस्ट्रारला माहिती. वार्षिक हिशेब भरताना सेवा देणाऱ्याचं नाव, आयपी पत्ता आणि ठिकाण कळवायचं.
- सायबर घटना. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून किंवा कुणी लक्षात आणून दिल्यापासून ६ तासांत कळवायची, आणि सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपायचे.
- कामगारांची माहिती. पगारपत्रकात आधार, बँक खातं, घरचा पत्ता सगळं असतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सांगतो की काम दुसऱ्याला दिलं तरी जबाबदारी आपलीच, आणि दुसऱ्याला द्यायचं तर रीतसर करार करूनच. सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत, म्हणजे करार सुधारायला आत्ताच वेळ आहे.

आपल्याकडे बरेच कारखाने भागीदारीत चालतात. तुमची भागीदारी फर्म असेल तर वरचे पहिले चार मुद्दे कंपनी कायद्याचे असल्यामुळे तुम्हाला लागू नाहीत, शेवटचे दोन तरीही बघायचे. आणि महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीत शेड, बेळगावात ऑफिस अशी ज्यांची विभागणी आहे, त्यांनी गोंधळू नये: कंपनी कायदा केंद्राचा आहे, नियम दोन्हीकडे तेच. नोंदणीकृत कार्यालय कर्नाटकात असेल तर रजिस्ट्रार बेंगळुरूचा, कोल्हापूर जिल्ह्यात असेल तर पुण्याचा, एवढाच फरक.

## २. नेमकं काय मागायचं

'कम्प्लायन्सची कागदपत्रं पाठवा' असं मोघम मागितलं की सर्टिफिकेट आणि रंगीत माहितीपत्रक येतं. नावानिशी मागा:

- सॉक २, टाइप २ रिपोर्ट, म्हणजे कंपनीच्या नियंत्रणांवर, चुका आणि गैरप्रकार रोखायच्या तिच्या ठरलेल्या पद्धतींवर, स्वतंत्र ऑडिटरने लिहिलेला, सगळ्या पानांसह
- सॉक १, टाइप २ असेल तर तोही
- आयएसओ २७००१ सर्टिफिकेट आणि त्याच्यासोबतचं लागू नियंत्रणांचं विवरण, म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ अ‍ॅप्लिकेबिलिटी'
- ब्रिज लेटर, म्हणजे रिपोर्टाच्या शेवटच्या तारखेपासून आजपर्यंतच्या काळाबद्दल कंपनीचं पत्र
- उपकंत्राटदारांची यादी, आणि डेटा व बॅकअप कुठल्या शहरात आहे याचं लेखी उत्तर
- कराराचा मसुदा, त्यातलं डेटाबद्दलचं परिशिष्ट धरून

सॉक १ आणि सॉक २ हे एकापुढचं एक नाहीत. सॉक १ म्हणजे ग्राहकाच्या आर्थिक हिशेबावर परिणाम करणारी नियंत्रणं. सॉक २ म्हणजे सुरक्षितता, उपलब्धता, गोपनीयता वगैरे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तुमच्या सीएला खरं तर सॉक १ हवा असतो. लहान सॉफ्टवेअर कंपन्यांकडे तो बऱ्याचदा नसतो, आमच्याही नव्हता. मग सॉक २ वरच भागवावं लागतं. सॉक ३ असंही एक असतं. ते सगळ्यांना दाखवायचं असतं, त्यात तपासणीचा तपशीलच नसतो, त्यामुळे आपल्या कामाला उपयोग नाही.

पूर्ण रिपोर्ट द्यायच्या आधी गोपनीयतेच्या करारावर सही मागतात. ते रीतीचंच आहे. फक्त सही करण्याआधी त्यात 'आमच्या वैधानिक लेखापरीक्षकांना दाखवता येईल' हे वाक्य घालून घ्या. आमच्या पहिल्या मसुद्यात ते नव्हतं. म्हणजे ज्या सीएसाठी रिपोर्ट मागवला, त्यालाच दाखवायची चोरी!

## ३. सर्टिफिकेटचं एकच पान, पण चार ठिकाणी बोट ठेवून

आयएसओचं सर्टिफिकेट तीन वर्षांसाठी असतं आणि मधे दरवर्षी देखरेखीचं ऑडिट होतं. पान एकच असल्यामुळे लोक नुसती मुदत बघतात. मी आता हे बघतो.

पहिलं, नाव. करारावर जी कंपनी सही करणार आहे तीच सर्टिफिकेटवर आहे का? डेटा सेंटरवाल्याचं सर्टिफिकेट त्याच्या इमारतीचं आणि यंत्रांचं असतं. वर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा त्यात काही संबंध नाही.

दुसरं, स्कोप. बारीक अक्षरात दोन-तीन ओळी असतात, पण सगळं सर्टिफिकेट त्या ओळींतच आहे. 'सॉफ्टवेअरची रचना आणि विकास, अमुक कार्यालय' एवढंच लिहिलं असेल, तर ते ग्राहकांचा डेटा चालवतात-सांभाळतात तो भाग त्यात आलेला नाही. चालवणं, होस्टिंग, सपोर्ट असे शब्द दिसले पाहिजेत.

तिसरं, आवृत्ती. २०२२ ची हवी. २०१३ च्या आवृत्तीवरची सर्टिफिकेटं ३१ ऑक्टोबर २०२५ नंतर चालत नाहीत, वर छापलेली मुदत पुढची असली तरी.

चौथं, सर्टिफिकेट देणाऱ्याच्या मागे कोण आहे. भारतात एनएबीसीबी, ब्रिटनमध्ये यूकेएएस अशा मान्यता देणाऱ्या संस्था आहेत. त्यांचं चिन्ह आणि क्रमांक नसेल, तर सर्टिफिकेट देणाऱ्यालाच कुणी तपासलेलं नाही असं समजायचं.

हे सगळं बरोबर निघालं तरी सर्टिफिकेट एवढंच सांगतं की सुरक्षिततेची व्यवस्था बसवलेली आहे आणि ती तपासली जाते. तुमचा बॅकअप मुंबईत आहे की परदेशात, हे त्यावर कुठेच नसतं.

## ४. सॉक २ कुठून वाचायला घ्यायचा

पहिल्या पानापासून सुरू केलंत तर वीस पानांत डोळे मिटतील. रिपोर्टाचे साधारण पाच भाग असतात: ऑडिटरचं मत, कंपनीच्या व्यवस्थापनाचं निवेदन, सिस्टीमचं वर्णन, तपासण्या आणि त्यांचे निकाल, आणि शेवटी कंपनीला आणखी काही म्हणायचं असेल ते. हा शेवटचा भाग ऑडिटरने तपासलेला नसतो, हे लक्षात ठेवा. गोड बोलणं सगळं तिथेच असतं.

मी आधी पीडीएफ उघडून हे शब्द शोधतो:

```
Type 1
except for
exception
did not operate
carve-out
complementary user entity
```

'Type 1' सापडलं आणि तोच रिपोर्टाचा प्रकार असेल, तर तो एकाच दिवसाचा फोटो आहे. त्या दिवशी नियंत्रणं कागदावर बरोबर होती, एवढंच. टाइप २ मध्ये काही महिने ती चालवून तपासलेली असतात.

मताच्या पानावर 'except for' दिसलं तर थांबा. अशा मताला 'क्वालिफाइड' म्हणतात. आपल्याकडे क्वालिफाइड म्हणजे शिकलेला, पास झालेला. इथे नेमकं उलट आहे: अमुक गोष्ट सोडून बाकी ठीक, असा त्याचा अर्थ, आणि ती 'अमुक गोष्ट' पुढच्या परिच्छेदात लिहिलेली असते. स्वच्छ मत असतं ते 'अनक्वालिफाइड'. आमच्या मालकांना हे समजावताना मला दोनदा चहा मागवावा लागला.

त्याच पानावर कुठले निकष तपासले तेही असतं. सुरक्षितता सगळ्यांच्यात असते. उपलब्धता, गोपनीयता, प्रक्रियेचा अचूकपणा आणि खासगी माहिती हे चार ऐच्छिक असतात. बॅकअपची तपासणी प्रामुख्याने उपलब्धतेत येते. तो निकष घेतलेलाच नसेल तर बॅकअपबद्दल रिपोर्ट जवळजवळ गप्प असतो.

## ५. तारखांचं गणित

इथे मी सर्वांत जास्त फसलो, म्हणून आकड्यांसकट सांगतो.

आमच्या हातात आलेल्या रिपोर्टाचा काळ होता १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५. रिपोर्ट मिळाला डिसेंबर २०२५ मध्ये. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. दोन्ही एकावर एक ठेवून बघा: एप्रिल ते सप्टेंबर, फक्त सहा महिने झाकले गेले.

पुढच्या काळासाठी ब्रिज लेटर मिळालं, ३१ डिसेंबरपर्यंतचं. साधारण तीनेक महिन्यांपलीकडे ते कुणी देत नाही. ब्रिज लेटर सॉफ्टवेअर कंपनी स्वतः लिहिते, ऑडिटर नाही. 'सप्टेंबरनंतर आमच्या नियंत्रणांत मोठा बदल झालेला नाही' एवढंच त्यात असतं. सीए साहेब म्हणाले, "हे फाईलला लावूया, पण ह्याच्यावर मी भार टाकणार नाही."

जानेवारी ते मार्च कोरेच राहिले. ते ज्याच्यात येणार तो रिपोर्ट डिसेंबर २०२६ मध्ये निघणार आणि आमची वार्षिक सभा सप्टेंबर २०२६ च्या आत. म्हणजे वेळेवर हाती येणारच नाही. सॉफ्टवेअर निवडायच्या वेळीच 'तुमचा रिपोर्ट कुठल्या महिन्यात संपतो?' हा एक प्रश्न विचारला असता तर हे टळलं असतं. डिसेंबरात किंवा मार्चात संपणारा रिपोर्ट आपल्याला सोयीचा.

## ६. तपासण्यांचे निकाल: 'काही आढळलं नाही' हेही नीट वाचा

चौथ्या भागात मोठमोठे तक्ते असतात. डावीकडे नियंत्रण, मधे ऑडिटरने काय तपासलं, उजवीकडे निकाल. प्रत्येक ओळीला निकषाचा क्रमांक असतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी CC6 म्हणजे कुणाला आत जाता येतं, CC7 म्हणजे घटना हाताळणं, CC8 म्हणजे सॉफ्टवेअरमधले बदल आणि A1 म्हणजे बॅकअप व पुनर्स्थापना, एवढ्या ओळी मी शब्दन् शब्द वाचल्या. बाकीच्यांवरून नजर फिरवली.

आमच्या रिपोर्टातल्या तीन ओळी इथे मांडतो.

पहिली ओळ. नियंत्रण: नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश एका कामाच्या दिवसात बंद करायचा. तपासणी: सोडून गेलेल्यांपैकी २५ जणांचा नमुना. निकाल: दोघांचा प्रवेश ९ आणि १४ दिवसांनी बंद झाला. 'Exception noted.' हे वाचून मी घाबरलो, पण सीए साहेब घाबरले नाहीत. त्यांनी तीन गोष्टी विचारायला सांगितल्या: त्या दोघांना ग्राहकांच्या डेटाबेसपर्यंत जाता येत होतं का, त्या दिवसांत त्यांनी लॉगिन केलं का, आणि नंतर केलेली दुरुस्ती पुन्हा कुणी तपासली का. उत्तर आलं की दोघंही विक्री विभागातले होते, डेटाबेसचा प्रवेश त्यांना कधी नव्हताच. दोष आहे, पण आपल्या कामाच्या जागी नाही.

दुसरी ओळ. नियंत्रण: वर्षातून एकदा बॅकअपवरून डेटा परत उभा करून बघायचा. निकाल: रिपोर्टाच्या काळात ही चाचणी झालीच नाही, म्हणून तपासता आली नाही. हे 'exception' म्हणून मोजलेलं नाही, मतही स्वच्छ आहे. पण माझ्या लेखी ही पहिल्या ओळीपेक्षा गंभीर गोष्ट. बॅकअप रोज होतोय, पण तो परत उघडतो का हे वर्षभर कुणी बघितलेलं नाही. आमचा ऑफिसातला डेटा दुसऱ्यांदा गेला तेव्हा नेमकं हेच झालं होतं: पेन ड्राइव्हवर बॅकअप होता, उघडत नव्हता.

तिसरी ओळ. नियंत्रण: चालू डेटाबेसमध्ये थेट जाण्याची परवानगी फक्त नेमलेल्या चार इंजिनिअरांना, तीही तिकीट म्हणजे नोंदवलेली विनंती काढून, आणि प्रत्येक हालचालीचा लॉग ९० दिवस ठेवायचा. निकाल: 'No exceptions noted.' सगळं हिरवं. ऑडिट ट्रेलबाबत सीएला जे हवं होतं ते इथे होतं, कारण स्क्रीनवरून केलेला बदल सॉफ्टवेअर टिपतंच. प्रश्न मागच्या दाराने डेटाबेसमध्ये केलेल्या बदलाचा असतो. पण तोच वाक्यांश पुन्हा वाचा: ९० दिवस. सर्ट-इनची मुदत १८० दिवसांची. ऑडिटरने कंपनीचं वचन तपासलं, ते पाळलेलं आढळलं, आणि त्याने बरोबरच लिहिलं. वचनच अर्धं होतं.

तिसरी ओळ मी एकट्याने वाचली असती तर बरोबरची खूण करून पुढे गेलो असतो.

## ७. डेटा सेंटर रिपोर्टात आहे की बाहेर?

बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्या मोठ्या क्लाउडवर भाड्याने असतात. रिपोर्टात 'carve-out' असं लिहिलं असेल तर त्या मोठ्या क्लाउडचा भाग तपासणीतून वगळलेला आहे. त्यात चूक काही नाही, सर्रास तसंच असतं. पण मग इमारतीची सुरक्षा, यंत्रं, वीज यांसाठी त्या क्लाउडचा स्वतःचा रिपोर्ट वेगळा बघावा लागतो. आपला सॉफ्टवेअरवाला तो दरवर्षी मागवून वाचतो का, हेही तक्त्यात शोधायचं. तशी ओळ असते.

जागेचा प्रश्न इथेच सुटतो किंवा अडतो. आमच्या रिपोर्टातल्या सिस्टीमच्या वर्णनात दोन वाक्यं होती: मूळ डेटा मुंबईत, रोजच्या बॅकअपची प्रत सिंगापुरात. विक्रीवाला फोनवर म्हणाला, "सर, मूळ डेटा भारतातच आहे की, काय अडचण?" अडचण अशी की नियमात शब्द बॅकअपचा आहे. मूळ डेटा मुंबईत असल्याने बॅकअपची अट पुरी होत नाही. सीए साहेबांनी "हे काय चालत नाही बघा" म्हणून विषय तिथेच संपवला.

## ८. रिपोर्टात तुमच्या नावावर टाकलेली कामं

'Complementary user entity' शोधलंत की एक यादी सापडेल. ही नियंत्रणं ग्राहक पाळतो असं गृहीत धरूनच ऑडिटरने मत दिलेलं असतं. तुम्ही ती पाळली नाहीत तर त्या मताचा आधार तुमच्यापुरता सुटतो. आमच्या यादीत अकरा कामं होती: वापरणाऱ्यांची यादी ठरावीक काळाने तपासणं, सोडून गेलेल्याचं लॉगिन बंद करणं, ओटीपीची सोय चालू ठेवणं, संशयास्पद काही दिसलं तर लगेच कळवणं, वगैरे.

त्या संध्याकाळी मी आमची लॉगिनची यादी काढली. दिवाळीत नोकरी सोडून गेलेल्या क्लार्कचं लॉगिन चालू होतं. सॉफ्टवेअर कंपनीच्या ९ आणि १४ दिवसांवर मी नाक मुरडलं होतं, आमचे झाले होते साठच्या वर.

## ९. राहिलेली भोकं करारात बुजवा

शेवटी कागदावर चार रकाने आखले: आपली जबाबदारी, रिपोर्टात काय सापडलं, काय कमी आहे, आणि ते कुणाकडून कशात घ्यायचं. आमचा कागद असा झाला:

| जबाबदारी | रिपोर्टात | कमी काय | मागणी |
|---|---|---|---|
| रोज बॅकअप, भारतात | रोज होतो, सिंगापुरात | जागा | भारतातल्या दुसऱ्या शहरात प्रत, लेखी |
| बॅकअप उघडतो का | चाचणी झाली नाही | पुरावा | आमच्या डेटाची एक चाचणी, तारखेसह |
| डेटाबेसचे लॉग | ९० दिवस | आणखी ९० दिवस | मुदत वाढ |
| घटना कळवणं | करारात ७२ तास | फार उशीर | मुदत कमी |

७२ तासांबद्दल थोडं सांगतो. तो आकडा युरोपच्या डेटा कायद्यातून उचललेला असतो, परदेशी ग्राहकांसाठी केलेला मसुदा तसाच आपल्या हाती देतात. आपले ६ तास आपल्याला कळल्यापासून मोजायचे, म्हणून ७२ तासांनी सांगितलं तरी कागदोपत्री आपण वेळेतच राहू. पण तीन दिवस कामगारांची बँक खाती उघड्यावर पडलेली आणि आपल्याला पत्ता नाही, हे मालकांना पटलं नाही. मलाही नाही.

हा मेल इंग्रजीत, मुद्द्यांना क्रमांक देऊन पाठवा आणि उत्तरही त्याच क्रमांकांनी मागा. फोनवरचं बोलणं ऑडिटला दाखवता येत नाही. बेंगळुरूच्या सपोर्टशी आमचे शिपाईमामा माझ्यापेक्षा चांगलं कन्नड बोलतात, त्यामुळे कामं पटापट होतात, पण झालेलं बोलणं त्याच दिवशी मेलवर टाकायची सवय मी लावून घेतलीय.

आम्हाला काय मिळालं? बॅकअपची प्रत हैदराबादला आली, तसं पत्रही आलं. लॉग १८० दिवसांचे झाले, त्याचे वर्षाला थोडे जास्त पैसे लागतात. घटना कळवायची मुदत २४ तासांवर आली, त्याखाली ते उतरले नाहीत. बॅकअपची चाचणी फेब्रुवारीतल्या एका रविवारी झाली, मी स्वतः बसून जानेवारीचा ट्रायल बॅलन्स दोन्हीकडे जुळवला.

जानेवारी ते मार्चचा खड्डा मात्र तसाच आहे. तो मी सीए साहेबांना आत्ताच लेखी कळवून ठेवलाय. ते म्हणाले, "ऑगस्टात ऐनवेळी सांगितला नाहीत हे बरं केलात. बघूया, तिकीटं आणि लॉग आपणच मागवून तपासता येतात का." त्या मागणीचा मेल काल गेला.